कोंबुचात अल्कोहोल येतं कुठून आणि किती? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखर घातलेला चहा आंबवून केलेलं पेय म्हणजे कोंबुचा. ते घरी लावणारे, दुकानातून बाटल्या आणणारे आणि परदेशात 'हार्ड कोंबुचा' पाहून चक्रावलेले असे तिन्ही प्रकारचे लोक मला हेच प्रश्न विचारतात. उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत, कारण 'नगण्य असतं, काळजी नको' हे उत्तर सर्रास दिलं जातं आणि ते पुष्कळदा चुकीचं असतं.

कोंबुचात अल्कोहोल असतंच का?

हो. साखर घातलेल्या चहाला यीस्ट लागलं की अल्कोहोल तयार होणारच. प्रश्न फक्त किती उरतं याचा आहे.

मग ते आंबट का लागतं? दारूसारखं का नाही?

कारण बरणीत दोन प्रकारचे जीव एकत्र राहतात. एक यीस्ट, दुसरे ॲसिटिक ॲसिड करणारे जिवाणू. यीस्ट आधी साखरेचे तुकडे पाडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, मग ते खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. जिवाणू ते अल्कोहोल हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं ॲसिटिक ॲसिडमध्ये, म्हणजे व्हिनेगरच्या आम्लात बदलतात. थोड्या ग्लुकोजचं ते ग्लुकोनिक आम्लही करतात; त्याची चव सौम्य असते. पृष्ठभागावर जी जाड, चामड्यासारखी साय येते, ज्याला सगळे स्कोबी म्हणतात, ती याच जिवाणूंनी विणलेली सेल्युलोजची चादर असते. ती पृष्ठभागावर असते कारण जिवाणूंना हवा लागते.

पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे: यीस्टला हवेची गरज नाही, जिवाणूंना आहे. तोंडाला सुती कापड बांधलेल्या रुंद बरणीत अल्कोहोल तयारही होत असतं आणि संपतही असतं. बरणी उंच आणि अरुंद असेल, म्हणजे द्रवाच्या मानानं पृष्ठभाग कमी असेल, तर संपण्याचा वेग मंदावतो. हवाबंद बाटलीत तर संपणं जवळजवळ थांबतंच, तयार होणं मात्र चालू राहतं.

आकड्यात सांगाल का? घरच्या बरणीत नेमकं किती होतं?

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. ३ लिटरची बरणी घ्या. १८ ग्रॅम चहा, २१० ग्रॅम साखर आणि आधीच्या खेपेतलं ३०० मिली आंबट कोंबुचा. म्हणजे लिटरमागे ७० ग्रॅम साखर झाली.

लक्षात ठेवायचा आकडा एकच: लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर यीस्टनं खाल्ली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. इथे टक्के म्हणजे आकारमानाचे, बाटलीवर छापतात तेच. सगळी ७० ग्रॅम खाल्ली तर ४ टक्के व्हायला हवेत. तसं होत नाही, कारण आम्ल वाढत जातं तसं यीस्ट मंदावतं, आणि आपणही गोडी शिल्लक असतानाच बरणी उतरवतो.

समजा आठ-नऊ दिवसांत यीस्टनं लिटरमागे २० ग्रॅम साखर खाल्ली. त्यातून सुमारे १.२ टक्के अल्कोहोल तयार झालं. त्यातलं ०.७ टक्के जिवाणूंनी आम्लात बदललं असं धरा. त्यातून लिटरमागे सात ग्रॅमच्या आसपास ॲसिटिक ॲसिड होईल, म्हणजे जिभेला व्यवस्थित झोंबणारं कोंबुचा. तरीही बरणीत ०.५ टक्के अल्कोहोल उरलंच. बाटलीत भरण्याआधीच आपण बऱ्याच देशांच्या कायदेशीर रेषेवर येऊन पोचलो.

आता दुसरं आंबवण. ५०० मिलीच्या बाटलीत दोन-तीन मोठे चमचे हापूसचा रस घातला, ५० ग्रॅम म्हणू. त्यात साधारण ७ ग्रॅम साखर, म्हणजे लिटरमागे १४ ग्रॅमची भर पडली. बूच घट्ट लावलं, तीन दिवस ओट्यावर ठेवलं. यीस्टनं या काळात लिटरमागे १५ ग्रॅम साखर खाल्ली तर आणखी ०.९ टक्के अल्कोहोल तयार होतं, आणि ते खायला आत जिवाणूंसाठी हवाच नाही. बाटली उघडताना आत १.४ टक्के आहे. जुनी ५० ग्रॅम साखर जवळपास शिल्लक आहे ती वेगळीच.

या हिशेबातले खाल्लेल्या साखरेचे आकडे तुमच्या बरणीत वेगळे असतील, पण क्रम हाच राहील. घरच्या कोंबुचात अल्कोहोल मुख्यतः बाटलीत चढतं.

म्हणजे फेसाळ कोंबुचा जास्त कडक असतं?

फेस नैसर्गिक असेल तर हो. यीस्ट अल्कोहोल आणि वायू एकाच वेळी, ठरलेल्या प्रमाणात करतं. एक लिटर पेयात एक लिटर वायू विरघळेल इतकं आंबवण झालं, की त्याबरोबर सुमारे पाव टक्का अल्कोहोल आलेलंच असतं. सोड्यासारखं फसफसायला साडेतीन-चार लिटर वायू लागतो. त्यातला थोडा बरणीतून उतरवताना आधीच विरघळलेला असतो, तरी उरलेल्यासाठी ०.७ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार व्हावंच लागतं. यातून पळवाट नाही.

म्हणून एखादी बाटली 'फक्त नैसर्गिक फेस' असंही सांगत असेल, जोरात फसफसतही असेल आणि '०.५ टक्क्यांच्या आत' असंही म्हणत असेल, तर मला प्रश्न पडतो की अल्कोहोल नंतर काढलं आहे का. मर्यादेच्या आत राहणारे बरेच उत्पादक वायू सिलिंडरमधून भरतात. त्यात कमीपणा काही नाही. मर्यादा पाळण्याचा तो प्रामाणिक मार्ग आहे.

०.५ टक्के ही रेषा कुठून आली?

अमेरिकेत ०.५ टक्के किंवा जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्यात धरलं जातं, आणि कोंबुचाच्या बाबतीत ही अट उत्पादनाच्या कोणत्याही टप्प्याला, बाटली भरताना आणि बाटली बाहेर पडल्यानंतरही लागू होते. शेवटचा भाग उत्पादकांना सर्वांत जड जातो, कारण बाटली कारखान्यातून निघाल्यावर ती कुठल्या उन्हात उभी राहील हे त्यांच्या हातात नसतं. ही मर्यादा कोंबुचापुरती १.२५ टक्के करावी असं विधेयक तिथल्या काँग्रेसमध्ये अनेकदा मांडलं गेलं आहे.

भारतात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मद्यविषयक २०१८च्या नियमांतही ०.५ टक्के हीच रेषा आहे. त्यावर गेलं की पेय मद्य. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मद्याची व्याख्या १.१५ टक्क्यांना सुरू होते, पण ०.५च्या वर गेलं की लेबलवर प्रमाण सांगावं लागतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात रेषा १ टक्का आहे. म्हणजे तीच बाटली एका देशात सरबत आणि दुसऱ्या देशात दारू ठरू शकते.

२०१०मध्ये अमेरिकेत नेमकं काय झालं होतं?

मेन राज्याच्या पोर्टलंड शहरात होल फूड्सच्या दुकानात कृषी विभागाच्या निरीक्षकाला कोंबुचाच्या बाटल्या पाझरताना दिसल्या. नमुने तपासायला गेले, तेव्हा अल्कोहोल ०.५ टक्क्यापासून अडीच टक्क्यांच्याही वर निघालं. जून २०१०मध्ये होल फूड्सनं देशभरातल्या आपल्या दुकानांतून कच्चं, म्हणजे पाश्चराइझ न केलेलं कोंबुचा काढून घेतलं.

आजच्या बाजाराची घडी तिथून बसली. सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी एक असलेल्या जीटीजनं आपल्या मालाचे दोन भाग केले: मर्यादेच्या आत राहणारं, सगळ्यांसाठी; आणि जुन्या पद्धतीचं 'क्लासिक', एकवीस वर्षांवरच्या ग्राहकांसाठी. ऑनेस्ट टीनं आपलं कोंबुचा बंदच केलं. बाकीच्यांनी अल्कोहोल कमी ठेवण्याच्या किंवा काढण्याच्या वाटा शोधल्या.

वेगवेगळ्या ब्रँडमध्ये इतका फरक का पडतो?

कारण 'कोंबुचा' या एकाच नावाखाली चार-पाच वेगळ्या पद्धतींनी केलेला माल विकला जातो.

काही जण खूप आंबट होईपर्यंत, म्हणजे बहुतेक अल्कोहोल आम्लात जाईपर्यंत आंबवतात, मग त्यात पाणी किंवा चहा मिसळून गोडी आणि आंबटपणा जुळवतात. यात अल्कोहोल मुळातच कमी आणि वर पातळ झालेलं असतं. काही जण गाळून यीस्ट काढतात. यीस्ट गेलं की बाटलीत पुढे काही वाढत नाही. काही जण पाश्चराइझ करतात, परिणाम तोच, फक्त जिवंत जिवाणूही जातात. आणि काही जण आधी मनसोक्त आंबवून नंतर अल्कोहोल काढतात. ओरेगनमधलं ब्रू डॉक्टर यासाठी फिरत्या शंकूंचं यंत्र वापरतं. निर्वात स्थितीत, कमी तापमानाला अल्कोहोल उडून जातं आणि बाकीचं पेय बरंचसं तसंच राहतं. हे यंत्र महाग असल्यानं छोट्या उत्पादकाच्या आवाक्यातलं नाही.

उरतात ते कच्चं, न गाळलेलं, बाटलीतच फेसाळलेलं कोंबुचा विकणारे. फरक सर्वांत जास्त यांच्यात दिसतो, आणि तो एका ब्रँडच्या दोन खेपांतही असतो. ब्रिटिश कोलंबियाच्या रोगनियंत्रण केंद्रानं बाजारातले सहाशेहून अधिक नमुने तपासले होते. सरासरी पाऊण टक्क्याच्या आसपास आली, जवळपास एक तृतीयांश नमुने १ टक्क्याच्या वर होते, आणि सर्वांत कडक नमुना साडेतीन टक्क्यांपलीकडे गेला. हे सगळं साध्या कोंबुचाचं आहे, हार्ड कोंबुचाचं नव्हे.

फ्रीजमध्ये ठेवलं तर अल्कोहोल वाढत नाही ना?

वेग खूप कमी होतो, पूर्ण थांबत नाही. नीरेचं उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे: पहाटे थंडाव्यात उतरवलेली गोड नीरा उन्हं चढली की ताडीकडे वळते. कोंबुचा इतकं घाईत नसतं, पण दिशा तीच. खरी अडचण फ्रीजबाहेरच्या वेळेची आहे. एप्रिल-मेमध्ये विदर्भात किंवा मराठवाड्यात बाटली टेम्पोत, मग डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत, मग सोसायटीच्या गेटवर तासन् तास पडते. कच्चं कोंबुचा मागवताना मी तरी ते थंड पेटीत येणार का हे आधी विचारते.

बाटली चढली आहे हे ओळखायचं कसं?

चारही खुणा एकत्र दिसल्या तर खात्री धरा. प्लास्टिकची बाटली दाबली तर दगडासारखी लागते, किंवा पत्र्याचं बूच फुगलेलं दिसतं. उघडताच फेस वर उसळतो. तळाशी फिकट तपकिरी गाळाचा थर जाड झालेला असतो, ते यीस्ट. आणि चव आधीच्या बाटलीपेक्षा कमी गोड लागते. ती साखर कुठेतरी गेली आहे.

आंबटपणावरून मात्र अंदाज करू नका. खूप आंबट कोंबुचात अल्कोहोल कमीही असू शकतं, कारण ते आम्लात गेलं असेल. जिभेला ०.५ आणि १.५ यातला फरक आम्लाखाली कळत नाही. अशी बाटली काचेची असेल तर हलवू नका. आधी नीट गार करा, मग वर टॉवेल धरून सिंकमध्ये हळूहळू उघडा.

घरी हायड्रोमीटरनं मोजता येईल का?

हायड्रोमीटर म्हणजे द्रवात तरंगणारी, रेघा आखलेली काचेची काडी. बिअर किंवा वाइन करणारे तिनं आंबवण्याआधीची आणि नंतरची घनता मोजतात, दोन्हींच्या फरकाला १३१.२५ नं गुणतात आणि टक्के काढतात. आधी १.०२८ आणि नंतर १.०२२ आली तर फरक ०.००६, उत्तर साधारण ०.८ टक्के. कोंबुचात हे उत्तर फसवं आहे. साखर गेली म्हणून घनता उतरली, पण झालेलं अल्कोहोल जिवाणूंनी आम्लात बदललं असेल तर ते पेयात आता नाही. सूत्राला हे कळत नाही, ते अल्कोहोल जास्त दाखवतं. त्यात काडीवरची एक रेघ वाचायला चुकली तरी ०.१३ टक्क्यांचा फरक पडतो, आणि आपली सगळी मर्यादाच ०.५ची आहे.

बंद बाटलीतल्या आंबवणासाठी मात्र हीच काडी बऱ्यापैकी कामाची आहे, कारण तिथे अल्कोहोल आम्लात जात नाही. बाटली भरताना एक वाचन घ्या, पिताना वायू पूर्ण काढून दुसरं घ्या. बाटलीत किती भर पडली याचा ढोबळ अंदाज येतो. प्रकाश किती वाकतो यावरून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरनं हे करू नका. अल्कोहोल आणि साखर एकत्र असली की त्याचं वाचन बिघडतं.

हार्ड कोंबुचा म्हणजे काय?

मुद्दाम, ठरवून कडक केलेलं कोंबुचा. साधारण ४ ते ८ टक्के, म्हणजे बिअरच्या आसपास किंवा थोडं वर. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेचा, त्यातही कॅलिफोर्नियाचा. सॅन डिएगोचं बूचक्राफ्ट ७ टक्क्यांच्या पेयांसाठी ओळखलं जातं, तिथलंच जूनशाइन ६ टक्क्यांच्या. जूनशाइनचा पाया काळ्या चहाऐवजी ग्रीन टी आणि साखरेऐवजी मध हा आहे. सगळ्या चवी सारख्या कडक नसतात, म्हणून कॅनवरचा आकडा दर वेळी वाचावा.

बरणी नुसती जास्त दिवस ठेवून हे होत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. उघडी बरणी जास्त दिवस ठेवली तर व्हिनेगर होतं. ७ टक्क्यांसाठी लिटरमागे जवळपास १२० ग्रॅम साखर पूर्ण अल्कोहोलमध्ये जावी लागते. म्हणून उत्पादक तयार कोंबुचात आणखी साखर किंवा रस घालतात, आम्ल आणि अल्कोहोल दोन्ही सोसणारं वाइनचं किंवा शॅम्पेनचं यीस्ट सोडतात, आणि टाकी अशी बंद करतात की वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही. जिवाणूंची वाट अडवली की अल्कोहोल साठत जातं. काही जण चहा-साखरेचं कडक आंबवण वेगळं करून त्यात आंबट कोंबुचा मिसळतात. त्यात चव जुळवणं सोपं जातं. साखर जवळजवळ सगळी संपल्यानं हार्ड कोंबुचा बहुधा कोरडं लागतं, आणि आल्याच्या, फळांच्या चवीखाली अल्कोहोल जाणवत नाही. पिणाऱ्याचा अंदाज चुकतो तो इथेच.

एका बाटलीत शरीरात किती जातं?

३३० मिलीच्या, ०.५ टक्क्यांच्या बाटलीतून सव्वा ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. घरचं १.४ टक्क्यांचं ५०० मिली प्यायलं तर साडेपाच ग्रॅम. ३५५ मिलीच्या, ७ टक्क्यांच्या हार्ड कॅनमध्ये जवळपास २० ग्रॅम. अमेरिकेत १४ ग्रॅमला एक पेग धरतात, म्हणजे तो एक कॅन जवळजवळ दीड पेग झाला.

कोणी अजिबात पिऊ नये?

दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामची गोळी चालू असलेल्यांनी साधं कोंबुचाही पिऊ नये. थोड्या अल्कोहोलनंही चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या असा त्रास होऊ शकतो. व्यसनातून बाहेर आलेल्यांनीही दूर राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. गरोदर बायकांनी कच्चं कोंबुचा टाळावं, अल्कोहोलसाठी आणि ते पाश्चराइझ नसतं म्हणूनही. लहान मुलांना घरचं, बाटलीत फेसाळलेलं कोंबुचा देऊ नका. धर्मानं किंवा माळकरी असल्यानं मद्य वर्ज्य मानणाऱ्या पाहुण्याला ग्लास देण्याआधी यात थोडं अल्कोहोल आहे हे सांगायला हवं. निर्णय त्यांचा.

घरी हार्ड कोंबुचा केलं तर चालेल का?

महाराष्ट्रात नाही. १९४९च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात अल्कोहोल असलेले सगळे द्रव पदार्थ 'दारू'च्या व्याख्येत येतात आणि परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे.

घरच्या कोंबुचात अल्कोहोल कमीत कमी कसं ठेवायचं?

रुंद तोंडाची बरणी घ्या आणि सुरुवातीला एक दशांश तरी जुनं आंबट कोंबुचा घाला, म्हणजे जिवाणूंचं बळ पहिल्या दिवसापासून असेल. ते बरणीच्या वरच्या भागातून घ्या. तळात यीस्ट बसलेलं असतं. थोडं जास्त आंबट होऊ द्या. बाटलीत भरताना गाळ मागे ठेवा, फळ किंवा साखर घालू नका, आणि भरल्या भरल्या फ्रीजमध्ये ठेवा. फेस हवा असेल तर पिताना ग्लासात थंडगार सोडा ओता. मी हल्ली असंच पिते, आणि आंबटपणाही त्यानं बेताचा होतो.

विकायचं असेल तर तपासणी कुठली करून घ्यावी?

अन्नप्रयोगशाळेला गॅस क्रोमॅटोग्राफीनं इथेनॉल मोजायला सांगा. ऊर्ध्वपातन करून घनता मोजण्याची पद्धत वापरणार असतील, तर नमुन्यातलं आम्ल आधी उदासीन करतात का हे विचारा. ॲसिटिक ॲसिड वाफेबरोबर येतं आणि आकडा बिघडवतं. एकाच खेपेच्या दोन बाटल्या द्या: एक भरल्या दिवशीची, थंड ठेवलेली, दुसरी खपाची मुदत संपत आलेली आणि मधले दोन-तीन दिवस मुद्दाम खोलीच्या तापमानाला ठेवलेली. नमुना बर्फाच्या पेटीतूनच पाठवा, नाहीतर वाटेत वाढलेलं अल्कोहोलही अहवालात येईल. लेबलवरचा दावा दुसऱ्या बाटलीच्या आकड्यावरून करा, कारण ग्राहकाच्या हातात बहुतेक वेळा तशीच बाटली पडते.